चष्मा काढून मेसेज वाचणारा कंट्रोलर

माणसाला नीट दिसेना की तो चष्मा लावतो. आमच्या कंट्रोलरला एखादा मेसेज नीट बघायचा असला की तो चष्मा काढायचा. चष्मा खिशात, फोन हात लांब करून धरलेला, डोळे बारीक. मग म्हणायचा, "हं. आता दिसलं." त्याला एक अक्षर दिसत नसायचं हे मी शपथेवर सांगतो. त्याला दिसायच्या फक्त पांढऱ्या चौकटी. लहान, मोठ्या, एकाखाली एक. आणि त्यावरून तो माणूस सांगायचा.

मुरुडच्या एसटी स्टँडवर तो वाहतूक नियंत्रक होता. आम्ही सगळे कंट्रोलर म्हणायचो. स्टँडबाहेर माझी चहाची टपरी. त्याची नोकरी चौकशीच्या खिडकीमागे, माझी खिडकीपुढे. तो रिटायर झाला आणि खिडकीमागून उठून माझ्या बाकावर येऊन बसला, एवढाच फरक पडला. हल्ली तो मुलाकडे नागपूरला असतो. तिकडे समुद्र नाही म्हणून खूश आहे. बाकावरसुद्धा तो समुद्राकडे पाठ करून बसायचा. "त्याच्या यायच्या-जायच्या वेळा आपल्याला विचारून ठरत न्हाईत," म्हणायचा. "असल्या खात्याशी आपण संबंध ठेवत नाही."

त्याला मी तोंडावर अहो म्हणायचो आणि पाठीमागे अरे. तो मला तोंडावर अरे म्हणायचा आणि पाठीमागे काय म्हणायचा ते मी कधी विचारलं नाही. माझं शिक्षण चौथी. पाचवीत गेलो होतो, पण मास्तरांचं आणि माझं एका गणितावरून पटलं नाही. मी शाळा सोडली, मास्तरांनी सोडली नाही. आजही माझं मत आहे की उत्तर माझं बरोबर होतं.

घरी कंट्रोलरची तऱ्हा वेगळीच. जेवायला बसताना बायकोला मोठ्याने सांगायचा, "गाडी दहा मिनिटं थांबेल." दहा मिनिटांनी ताटावरून उठायचा, भात राहिला तरी. कुठे लग्नाला जायचं ठरलं की निघायच्या वेळेला दारातून बाहेर. बायको मागे राहिली तर ती पुढच्या गाडीने यायची. अख्ख्या संसारात नवरा-बायको एका गाडीने लग्नाला गेलेली कुणी पाहिली नाहीत. ती वहिनी शांत बाई. मला एकदा म्हणाली, "भाऊ, एकटीने प्रवास बरा होतो."

त्याचा मेसेजचा नाद खिडकीतून आलेला होता. तो म्हणायचा, आयुष्यभर लोक मला एकच गोष्ट विचारत आले, गाडी कधी आहे. शब्द तेच. मग ऐकायचं काय? तर ते कसं विचारतात ते. "अलिबागची साडेनऊची गाडी वेळेवर आहे का साहेब," असं एका दमात विचारणारा माणूस रांगेत उभं राहून वाक्य घोकून आलेला असतो. दुसरा येतो. "साहेब. गाडी. अलिबागची. गेली का? म्हणजे पहिली. दुसरी हाय ना?" त्याचं वाक्य झालेलंच नसतं. जसं सुचेल तसं खिडकीत टाकतो. आणि तुकडा टाकून झाला की खिडकीच्या फळीवर बोट ठेवून उभा राहतो, मी मागच्याकडे वळू नये म्हणून. "ते बोट बघायचं, शेठ. मेसेजमध्ये बोट दिसत न्हाय, पण असतं. तुकड्यात लिहिणारा माणूस दर तुकड्याला विचारत असतो, आहेस ना, गेला न्हाईस ना."

मला तो शेठ म्हणायचा. टपरीच्या मालकाला शेठ म्हणणं ही चेष्टा आहे हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. तोवर सवय झाली होती.

समोरच्या लॉजवाल्याने एकदा धावत येऊन फोन दाखवला. कुणी बाई खोली मागत होती. 'रूम आहे का.' 'दोघी आहोत.' 'समुद्र दिसेल ना.' 'खिडकीतून?' 'खरंच दिसेल ना.' 'सॉरी फार विचारतेय.' लॉजवाला म्हणाला, "भानगड वाटते. घरातनं पळून आल्यासारखी लिहिते." कंट्रोलरने चष्मा काढला. बघितलं. मग चष्मा लावून पुन्हा बघितलं, कारण मजकूर तो दुसऱ्यांदा वाचायचा. म्हणाला, "घाबरलेला माणूस पण तुकडे पाडतो आणि हरखलेला पण पाडतो. आकार दोघांचा सारखाच. पण घाबरलेला मागे येतो, पुसतो. मेसेज हटवला, मेसेज हटवला, अशा खुणा राहतात. हिने एक पण पुसलेला न्हाय. ही बाई नाचते आहे." शनिवारी दोन म्हाताऱ्या बहिणी उतरल्या, विदर्भातल्या. जन्मात समुद्र पाहिलेला नाही. धाकटी खिडकीतून हलेना, तिचं जेवण खिडकीत न्यावं लागलं.

असं झालं की तो आठवडाभर चढेल असायचा. पण चुकायचाही, आणि चुकला की मला परमानंद. गावच्या पाणी सोडणाऱ्या माणसाचे मेसेज ग्रुपवर एकेका शब्दाचे यायला लागले. 'आज.' 'पाणी.' 'येणार.' 'नाही.' कंट्रोलरने चष्मा काढून निदान केलं की माणूस आतून खचलेला आहे. आम्ही दोघं धीर द्यायला त्याच्या घरी. तो भाकर खात बसला होता. म्हणाला, "नवा फोन हाय. ते खालच्या ओळीत जायचं बटन दाबलं की जातोच मेसेज. अंगठा जाड हाय माझा, काय करू?" कंट्रोलर परत आला. बाकावर बसल्यावर म्हणाला, "नियमात दुरुस्ती. आधी अंगठा बघावा."

आता माझं सांगतो. अर्धी विद्या शिकण्यात माझा हात कुणी धरणार नाही. मी त्याच्याकडून एवढंच उचललं की तुकडे म्हणजे संकट. बाकीचं ऐकलं नाही, कारण तेव्हा दूध उतू जात होतं.

पनवेलला माझा भाचा असतो. एका दुपारी त्याचे मेसेज आले. 'मामा.' 'मामा.' 'हायस का.' 'फोन उचल ना.' 'लवकर.' मी फोन लावला तर लागेना. झालं. टपरी बंद केली, अंगातल्या शर्टावर एसटी पकडली. अख्ख्या वाटेवर मी काय काय बघितलं! अपघात बघितला, पोलीस बघितले, बहिणीला काय सांगू ते दोन प्रकारे पाठ केलं. पनवेलला पोचलो तर भाचा इमारतीखाली नव्या मोटरसायकलला झेंडूचा हार घालत होता. मला बघून ओरडला, "आई गं, मामा पूजेला आला! मी म्हटलं न्हवतं, मामा येनार!" फोटो पाठवायचा होता त्याला. फोनची बॅटरी संपली. मी काय करणार? "मग! येणार नाही होय?" म्हणालो. नारळ माझ्याच हस्ते फोडला. बहीण रडली, की भाऊ एवढा लांबून आला. मी पण जरा रडलो, पण ते कमरेमुळे.

दुसऱ्या दिवशी कंट्रोलरने माझी सालं काढली. "वर सरकवून बघितलंस का त्याचे जुने मेसेज?" नव्हतं बघितलं. त्याने बोटाने वर वर नेलं. भाच्याचं सगळंच तसलं. 'जेवलो.' 'मटन.' 'भारी.' 'झोपतो.' पोरगा मटणसुद्धा तीन तुकड्यांत खायचा.

"शेठ, ज्या रूटला रोजच मिनीबस धावतात, तिथे मिनीबस दिसली तर कंट्रोलर घाबरतो का? घाबरायचं कधी? नेहमीपेक्षा वेगळी गाडी आली तर. मुरुडला जादा गाड्या लागल्या तर काय समजायचं? एक तर जत्रा हाय, न्हायतर कुठेतरी गाडी बंद पडली. जत्रा की बंद, ते मजकुरावर बघ. पण आधी त्या रूटचं रोजचं वेळापत्रक पाठ पाहिजे. ते नसेल तर चहा वीक."

"चहा वीक", म्हणजे पाणचट, असं तो म्हणाला नसेल, "चहा विक", म्हणजे चहाच विकत बस, असं म्हणाला असेल. पण मला लागलं ते लागलं. माझ्या चहाबद्दल मी ऐकून घेत नाही.

माझी मुलगी बेबी. माणगावला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिची आई गेल्यापासून तिचे मेसेज हेच माझं सकाळ-संध्याकाळचं. तिचं वेळापत्रक मला पाठ होतं, कारण फोन टपरीच्या फळीवर असायचा आणि एकेक मेसेज आला की टुंग वाजायचा. 'जय भीम.' टुंग. 'बाबा.' टुंग. 'उठलास?' टुंग. 'गोळी?' टुंग. 'खरी घेतलीस की नुसतं हो.' टुंग. 'फोटो पाठव गोळीचा.' टुंग. गिऱ्हाईकं हसायची. "शेठ, देवळात घंटा वाजतेय का काय!" मला राग यायचा. मी तिला कित्येकदा बोललो, "शिक्षक ना तू? एका दमात लिहीत जा. हे काय पोपटासारखं." ती लिहायची, 'बरं.' टुंग. 'बाबा.' टुंग. 'आता.' टुंग. 'एका.' टुंग. 'दमात.'

आणि माझं? माझे मेसेज म्हणजे पत्र असायचं. रविवारी दुपारी, टपरीवर गर्दी नसताना, चष्मा लावून, तासभर. 'चि. बेबीस, अनेक आशीर्वाद. येथील सर्व क्षेम असून' इथून सुरुवात, 'तुझा बाप' इथे शेवट. मध्ये फुलस्टॉप. चुकलं की पुसायचं, पुन्हा लिहायचं. आठवड्याला एकच, पण अख्खा. मला त्याचा गर्व होता. भिंतीला लावावा असा मेसेज.

भिंतीला मी दुसरंच लावलं होतं. जावयाचा फोटो. कॅलेंडरच्या शेजारी. स्थळ मी शोधलेलं. एमआयडीसीत पर्मनंट, सुपारी नाही, दारू नाही, बोलणं मोजकं. येणाऱ्या-जाणाऱ्या ड्रायव्हर-कंडक्टरला मी सांगायचो, "माणूस शोधावा तर असा." कुणी म्हणालं, फार गप्प असतो हो, तर मी म्हणायचो, "मोठी माणसं गप्पच असतात." ही मोठ्या माणसांची माहिती मला कुठून, ते विचारू नका.

तर पावसाळा संपून गेला होता. एक दिवस सकाळी टुंग झालं नाही. दुपार झाली. मग एकच टुंग. फोन घेतला तर बेबीचा मेसेज, आणि काय मेसेज! अख्खा. 'जय भीम बाबा. मी येथे ठीक आहे. शाळेत परीक्षांची गडबड असल्यामुळे या महिन्यात मुरुडला येणे जमणार नाही. यांनीही आपणास नमस्कार सांगितला आहे. काळजी करू नये. आपल्या तब्येतीची काळजी घ्यावी.'

माझी छाती फुगली. शेवटी बापाचं ऐकलं. मी फोन गिऱ्हाइकांना दाखवला. मग बाकावर कंट्रोलरला. "बघा. याला म्हणतात लिहिणं. पाणी ओतल्यासारखं सरळ."

त्याने चष्मा काढला. फोन लांब धरला. जवळ घेतला. पुन्हा लांब. मग चष्मा लावून मजकूर वाचला आणि फोन माझ्या हातात न देता बाकावर ठेवला.

"ही गाडी तुझ्या मुलीची न्हाय."

"म्हणजे?"

"रोजच्या मिनीबस कुठे गेल्या?"

"मीच तिला सांगितलं होतं एका दमात लिही म्हणून!"

"कधी?"

"सारखा सांगतो."

"सारखा सांगतोस, आणि ती सारखी तुझी टर उडवते. आज का ऐकलं?"

मी म्हणालो, मोठी झाली. तो म्हणाला, "असेल. शाळेच्या कॉम्प्युटरवर लिहिलं असेल. घाईत दुसऱ्या कुणाला लिहायला सांगितलं असेल. मला ठाऊक न्हाय, शेठ. आकार एवढंच सांगतो की काहीतरी बदललं. काय बदललं ते आकार सांगत न्हाय. पण हे बघ. हे वाक्य आधी कुठेतरी लिहून, वाचून, पुसून मग टाकलेलं हाय. रांगेत घोकून आलेला माणूस. तुझ्याशी बोलायला तिला घोकावं का लागलं? आणि हे 'आपणास' कोण रे? रोज तुला उठलास का विचारते ती."

मला त्याचा एवढा राग आला की मी त्याच्या ग्लासात साखर घातली नाही. तो तसाच प्यायला. त्याने ते मुद्दाम केलं.

"विचार तिला," म्हणाला.

"बापाने विचारायचं नसतं. मुलीने सांगायचं असतं."

"बरं. मग तू बस."

मी बसलो. दुसऱ्या दिवशी एक टुंग. अख्खा मेसेज. तिसऱ्या दिवशी एक टुंग. अख्खा मेसेज, काळजी नसावी. फोन केला तर उचलायची नाही. तासाने लिहायची, वर्गात होते. रात्री आठला कसला वर्ग? पण हे मी कंट्रोलरला सांगितलं नाही. त्याने विचारलंही नाही. नुसता फळीवरच्या फोनकडे बघायचा. त्या टुंगची मला इतकी वर्षं चीड होती, आणि आता एकदा वाजून गप्प झाला की मी फोन उचलून हलवून बघायचो, आत अडकले असतील तर. मी हे विचारलं पण त्याला, की रेंज नसल्याने बाकीचे मागे राहत असतील का. तो म्हणाला, "तसं झालं तर नंतर सगळे एकदम येतात, घाट मोकळा झाल्यावर गाड्या येतात तसे. आणि बाजूला निघाल्याची वेळ असते बारीक अक्षरात. इथे मागे कुणीच न्हाय. निघालीच एक गाडी."

आठवडा गेला. एका दुपारी माणगावची गाडी येऊन गेली आणि तिच्यातून कुणी आपलं उतरलं नाही, तेव्हा मी फोन हातात घेतला. ठरवलं की माझ्या पद्धतीने लिहायचं. करारी, मुद्देसूद, बापाला शोभेल असं. कंट्रोलर बाकावर होता. त्याच्याकडे पाठ केली.

'चि. बेबीस, अनेक आशीर्वाद.' लिहिलं. बघितलं. पुसलं. पुन्हा लिहिलं, पुसलं. असं चहाचं आधण आटेपर्यंत. मग माझा जो अंगठा रविवारचा तासतासभर हवेत थांबायचा, तो मेसेज पाठवायच्या बाणावर पडायला लागला. आणि पडतच राहिला.

बेबी
आहेस का
काही नाही
सहज
पाणी येतं का तिकडे
तुझी खोली झाडली
उंदीर झाले होते
म्हणून झाडली
जावईबापूंना नमस्कार सांग
नको सांगू
तू ये
म्हणजे सवड असेल तर
नसेल तरी ये

मग मी ते वाचलं. माझ्याने ते बघवेना. मास्तरांनी पाहिलं असतं तर पाचवीतून तिसरीत बसवलं असतं. पुसायला गेलो, तर 'जावईबापूंना नमस्कार सांग' तेवढं पुसलं गेलं, आणि त्या जागी 'हा मेसेज हटवला' अशी खूण, आधीपेक्षा ठळक. तेवढ्यात सगळ्या खुणा निळ्या झाल्या. तिने वाचलं होतं. वर 'टायपिंग' असं आलं. गेलं. पुन्हा आलं. गेलं. तिकडे ती लिहीत होती आणि पुसत होती, एवढं मला चष्म्याशिवाय दिसत होतं.

मग टुंग. टुंग. टुंग.

'बाबा.'
'काय झालं.'
'छातीत दुखतंय का.'
'खरं सांग.'
'कंट्रोलर काका आहेत का तिथे.'
'त्यांना फोन दे.'
'नको राहू दे.'
'मी निघाले.'

मी फोन लावला, लागेना. गाडीत बसली असणार. मी कंट्रोलरला म्हणालो, "तिला वाटलं मी मरतोय."

त्याने फोन घेतला, माझ्या चौकटी बघितल्या, चष्मा न काढता. "वाटणारच. तुझं वेळापत्रक तिला पाठ हाय. रविवारची एक लालपरी, ती पण मोजकी भरलेली. भर दुपारी तेरा जादा गाड्या सोडल्यास तू. मी असतो तर अँब्युलन्स पाठवली असती." मग मान हलवून म्हणाला, "उंदीर झाले म्हणून झाडली, हे चांगलं लिहिलंस."

"थट्टा करू नका."

"न्हाय करत."

ती संध्याकाळी उतरली. पर्स आणि एक कापडी पिशवी. धावत टपरीपाशी आली, मला उभं बघितलं, किटली हातात, आणि आधी तिचं तोंड रडवेलं झालं, मग लालबुंद.

"तू ठीक आहेस?"

"मला काय धाड भरलीय?"

"मग असं तुकड्या-तुकड्यात कधी लिहितोस तू? आयुष्यात लिहिलंस का? मला वाटलं पडला बिडलास, हात चालत नाहीये! अख्ख्या गाडीत मी..." ती थांबली. पदराने नाक पुसलं.

मला बोलायचं होतं बरंच. करारी, मुद्देसूद. तोंडातून निघालं, "आणि तू अख्खं कधी लिहितेस?"

तिने पिशवी खाली ठेवली. मग तिने बाकावर बसकण मारली, कंट्रोलरच्या शेजारी. तो लगेच उठला. म्हणाला, माझी जेवायची वेळ झाली. वेळ झाली नव्हती. उन्हं अजून होती.

घरी गेल्यावर तिने सांगितलं. एकदम नाही. तांदूळ निवडता निवडता एक तुकडा, मग गप्प. पाणी भरून आली, दुसरा तुकडा. ते अख्खे मेसेज यायला लागले तेव्हापासून ती त्याच्या घरात नव्हती. शाळेतल्या एका बाईंकडे राहत होती. मारझोड नाही. दारू नाही. ते सगळं मी म्हणालो होतो तसंच होतं. फक्त रोज संध्याकाळी फोन मागायचा. एवढे मेसेज कुणाला केलेस? बापाला? बापाला इतके कशाला लागतात? एकदाच काय ते लिही. शाळेत कुणाशी बोललीस, का बोललीस, त्याचा खुलासा. मग स्वतः तीन-तीन दिवस बोलायचा नाही.

"तो पण तेच म्हणायचा, बाबा. एका दमात लिही."

मी तांदळातले खडे बघत होतो. तांदळात खडे नव्हते.

"मला सांगायचं होतंस."

"तुला काय सांगणार? तू स्टँडवर फोटो लावलायस त्याचा."

ते मेसेज तिने त्या बाईंकडे बसून लिहिले होते. आधी कागदावर. मग बाईंना वाचून दाखवायचे, यात कुठे काही कळतंय का. कळत नसलं की पाठवायचे. बाईंनीच 'आपणास' घालायला लावलं होतं, म्हणजे नीटनेटकं वाटेल.

मधे मधे माझ्या जिभेवर खूप आलं. मी स्थळ कसं पारखलं होतं, कुणाकुणाला विचारलं होतं, चूक माझी एकट्याची कशी नाही. एरवी मी ते सगळं बोललो असतो. पण ती एकेक तुकडा टाकून माझ्याकडे बघायची, आणि मी तोंड उघडलं तर पुढचा येणार नाही एवढं मला त्या वेळी कळत होतं. मी आयुष्यात इतका वेळ गप्प बसलेलो नाही. शेवटी ती म्हणाली, "मी तिकडे जाणार नाही. इथून गाडीने शाळेला जाईन, नाहीतर माणगावला खोली घेईन. पण त्या घरात नाही. तू लोकांना काय सांगशील?"

"सांगेन काहीतरी," मी म्हणालो. "मी काय घाबरतो काय लोकांना?"

घाबरत होतो. सकाळी टपरीवर जाताना मी ते वाक्य घोकत गेलो. 'मुलगी आमची आता कायमची इकडेच असणार आहे, तिचा तसा निर्णय आहे आणि माझा तिला पाठिंबा आहे.' अख्खं, एका दमात, फुलस्टॉपसकट. कोळीवाड्यापासून स्टँडपर्यंत ते मला चांगलं येत होतं. कॅलेंडरशेजारची जागा मी आधी मोकळी केली, मग स्टोव्ह पेटवला. पहिल्या गाडीचा कंडक्टर आला, जुना गिऱ्हाईक. कंट्रोलर बाकावर येऊन बसलेला. कंडक्टरने भिंतीकडे बघितलं.

"काय शेठ, जावई कुठे गेले? काल बेबीताई उतरल्या म्हणे एकट्याच?"

सगळं स्टँड गप्प झाल्यासारखं वाटलं. झालं नसेल, गाडीचं इंजिन चालूच होतं.

"आली," मी म्हणालो.

मग म्हणालो, "घरी."

दूध वर आलं, ते खाली केलं. "राहायला."

कंडक्टर माझ्याकडे बघतोय.

"कायमची. म्हणजे तिने ठरवलं. मी पण. आमची खोली हाय तिची. झाडलेली."

कंडक्टरचा ग्लास हातातच राहिला. "म्हणजे? काय झालं काय? भांडण बिंडण? किती दिवस झाले? आणि तिकडची मंडळी काय म्हणतात?"

मी किटली उचलून पुन्हा खाली ठेवली. घोकलेलं सगळं गेलं होतं. तेव्हा बाकावरून कंट्रोलर बोलला. ड्युटीवर असताना बोलायचा त्या आवाजात, आणि कंडक्टरकडे न बघता, समोर खिडकी असावी तसं सरळ समोर बघून.

"चौकशी बंद आहे," म्हणाला. "चहा पिऊन गाडी काढा."